आरडीची मुदत संपल्यावर हातात किती येणार? वहीत मांडून पाहायचा हिशेब

दरमहा ३,००० रुपयांची आवर्ती ठेव, मुदत बारा महिने, व्याजदर वर्षाला ७ टक्के. बारा हप्त्यांचे मिळून ३६,००० रुपये भरले जातात आणि मुदत संपल्यावर बँक ३७,३८६ रुपये देते. म्हणजे व्याज झाले १,३८६ रुपये.

पहिल्यांदा आरडी काढणारा माणूस नेमका या आकड्यापाशी थांबतो. माझी भाची वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागली आणि पहिल्या पगारातून तिने गणेशचवथीच्या खर्चासाठी अशीच आरडी काढली. पावती हातात आल्यावर तिने मला फोन केला. "मावशी, छत्तीस हजारांचे सात टक्के दोन हजार पाचशे वीस होतात. मला तेराशे शहाऐंशीच दाखवलेत. बँकेने सात सांगून चारच दिले का?"

बँकेच्या काउंटरवर बसत होते तेव्हा हा प्रश्न मी कितीतरी लोकांकडून ऐकला आहे. रागावून विचारणारेही असत, आणि काही न बोलता पावती घडी करून जाणारेही असत. या दुसऱ्यांची मला जास्त काळजी वाटे, कारण ते मनात शंका घेऊनच घरी जात. म्हणून हा हिशेब मी मुळापासून मांडते आहे. त्याला गुणाकार-बेरजेपलीकडे काही लागत नाही. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि वहीचे एक पान पुरेल.

आधी हे पाहा: कुठला हप्ता किती महिने राहिला

७ टक्के हा दर वर्षभर बँकेत राहिलेल्या पैशाचा आहे. आरडीत वर्षभर राहतो तो फक्त पहिला हप्ता. दुसरा अकरा महिने राहतो, तिसरा दहा, आणि असे करत शेवटचा हप्ता एकच महिना राहतो. छत्तीस हजार रुपये एकदम वर्षभर बँकेत कधीच नव्हते, मग त्यांच्यावर वर्षाचे सात टक्के मिळणार कसे?

शेवटचा हप्ता एक महिना राहतो, शून्य महिने नाही, हे नीट लक्षात घ्या. समजा पहिला हप्ता ५ ऑगस्टला भरला. मग बारावा हप्ता पुढच्या वर्षी ५ जुलैला जातो आणि ठेव पुरी होते ५ ऑगस्टला. हप्ते संपतात त्यानंतर एका महिन्याने मुदत संपते. हा शेवटचा महिना विसरला की पुढचा सगळा हिशेब थोडा थोडा कमी येत जातो.

आता महिन्यांची बेरीज करा. १२ अधिक ११ अधिक १० असे १ पर्यंत गेले की ७८ येतात. म्हणजे व्याजाच्या दृष्टीने तुमचे ३,००० रुपये ७८ महिने बँकेत होते, असे धरता येते. ३,००० रुपयांवर वर्षाला ७ टक्क्यांनी २१० रुपये, म्हणजे महिन्याला साडेसतरा रुपये व्याज होते. ७८ गुणिले १७.५० म्हणजे १,३६५ रुपये.

बँकेने दिलेला आकडा १,३८६, आपला आला १,३६५. व्याजावर मिळालेले व्याज, म्हणजे चक्रवाढ, अजून आपण धरलेलेच नाही. वरचे २१ रुपये त्याचेच आहेत. भाचीला मी फोनवर एवढेच सांगितले आणि तिने तिथल्या तिथे ७८ ला साडेसतराने गुणून पाहिले. तिची शंका तेवढ्यावर मिटली.

कुठल्याही मुदतीसाठी महिन्यांची ही बेरीज झटकन काढता येते. हप्त्यांच्या संख्येला तिच्याहून एकने मोठ्या संख्येने गुणायचे आणि निम्मे करायचे. बारा हप्त्यांसाठी १२ गुणिले १३ म्हणजे १५६, त्याचे निम्मे ७८. चोवीस हप्त्यांसाठी २४ गुणिले २५ म्हणजे ६००, निम्मे ३००. काउंटरवर उभ्याउभ्या अंदाज घ्यायला एवढे पुरते. खरी रक्कम या अंदाजाहून थोडी जास्तच असायला हवी. कमी असेल तर विचारा.

आता चक्रवाढ: तीन हप्त्यांचा एक गठ्ठा

आपल्याकडे आरडीवरचे व्याज सर्वसाधारणपणे दर तीन महिन्यांनी मुदलात मिळवले जाते. म्हणून हिशेबही तीन-तीन महिन्यांचा करावा. मी लोकांना हीच पद्धत शिकवत आले आहे, कारण यात सूत्र पाठ करावे लागत नाही आणि पैसा कसा वाढत जातो ते डोळ्यांसमोर दिसते.

एका तिमाहीत तीन हप्ते पडतात. तिमाही संपताना त्यातला पहिला तीन महिन्यांचा झालेला असतो, दुसरा दोन महिन्यांचा, तिसरा एका महिन्याचा. महिन्याला साडेसतरा रुपयांच्या हिशेबाने पहिल्याचे व्याज ५२.५०, दुसऱ्याचे ३५, तिसऱ्याचे १७.५०. एकूण १०५ रुपये. तीन हप्त्यांचे ९,००० आणि वरचे १०५ मिळून तिमाहीच्या शेवटी ९,१०५ रुपयांचा गठ्ठा तयार होतो.

दर तिमाहीत असाच ९,१०५ चा नवा गठ्ठा येतो, कारण हप्ता तोच आणि दरही तोच. आधीपासून जमलेल्या रकमेवर मात्र त्या तिमाहीचे पूर्ण व्याज मिळते. वर्षाचे ७ टक्के म्हणजे तिमाहीचे १.७५ टक्के. कॅल्क्युलेटरवर १.०१७५ ने गुणले की काम झाले. वहीत चार ओळी लिहा:

पहिली तिमाही संपताना: ९,१०५.००
दुसरी संपताना: ९,१०५.०० × १.०१७५ + ९,१०५ = १८,३६९.३४
तिसरी संपताना: १८,३६९.३४ × १.०१७५ + ९,१०५ = २७,७९५.८०
चौथी संपताना: २७,७९५.८० × १.०१७५ + ९,१०५ = ३७,३८७.२३

चौथ्या ओळीतली रक्कम म्हणजे मुदतपूर्तीची रक्कम. बँकेच्या आकड्यात आणि या आकड्यात जेमतेम रुपयाभराचा फरक आहे. जे पैसे कमी-जास्त दिसतात त्यांचे कारण पुढे येते.

या चार ओळींकडे थोडा वेळ बघा. पहिल्या तिमाहीत व्याज १०५ रुपये, दुसऱ्या तिमाहीत सुमारे २६४, तिसऱ्या तिमाहीत ४२६ आणि चौथ्या तिमाहीत ५९१. हप्ता एका पैशाने वाढलेला नाही, तरी शेवटच्या तिमाहीचे व्याज पहिल्या तिमाहीच्या पाचपटीहून जास्त आहे. आरडी मध्येच मोडणाऱ्याचे खरे नुकसान इथे होते. दंड किती कापला एवढेच तो बघतो. ज्या महिन्यांत व्याज सर्वांत जास्त मिळणार असते तेच महिने हातचे जातात, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

बँकेचे सूत्र हेच काम एका झटक्यात करते

बँकेचे संगणक चार ओळी लिहीत बसत नाहीत. ते एक सूत्र वापरतात. वहीतली पद्धत समजली असेल तर सूत्र अवघड वाटणार नाही:

```
M = R × [ (1 + i)^n − 1 ] ÷ [ 1 − (1 + i)^(−1/3) ]
```

यात M म्हणजे मुदतपूर्तीची रक्कम, R म्हणजे मासिक हप्ता. i म्हणजे एका तिमाहीचा दर, तो वार्षिक दराला ४०० ने भागून मिळतो. ७ टक्क्यांसाठी ०.०१७५. आणि n म्हणजे तिमाह्यांची संख्या. इथे नवखे लोक हमखास चुकतात. ते n च्या जागी १२ घालतात. एका वर्षात तिमाह्या चारच, म्हणून n ची किंमत ४. बारा घातले तर उत्तर लाखाच्याही वर जाते. छत्तीस हजार भरून वर्षात एक लाख होत नाहीत हे कोणालाही कळते, म्हणून ही चूक निदान लगेच पकडता येते.

खालच्या बाजूला जो एक-तृतीयांश घात दिसतो, तो तिमाहीतल्या तीन महिन्यांसाठी आहे. आपण गठ्ठा बांधताना महिन्याचे व्याज सरळ साडेसतरा रुपये धरले. सूत्र ते जरा वेगळे धरते. तीन महिने लागोपाठ वाढून बरोबर १.७५ टक्के होतील, असा महिन्याचा दर ते घेते. तो दर ०.५८३३ टक्क्यांऐवजी ०.५८०० टक्के येतो. म्हणून सूत्राने ३७,३८६.४० येतात आणि वहीत ३७,३८७.२३. वर म्हटलेला ८३ पैशांचा फरक हाच. एखाद-दुसऱ्या रुपयाच्या आतला फरक दिसला तर त्यासाठी शाखेत जाऊन वाद घालू नका.

आपल्या उदाहरणातले आकडे घातले की वरची बाजू ०.०७१८५९ येते आणि खालची ०.००५७६६२. भागाकार १२.४६२१. हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. ७ टक्के दराने बारा महिने दरमहा एक रुपया भरला तर १२.४६ रुपये होतात, असा त्याचा अर्थ. हप्ता काहीही असो, या आकड्याने गुणले की मुदतपूर्तीची रक्कम मिळते.

आणि उलटही करता येते. पुढच्या चवथीला ५०,००० हवे असतील तर ५०,००० ला १२.४६२१ ने भागा. ४,०१२ रुपये येतात. बँक शंभराच्या पटीतच हप्ता घेत असेल तर ४,००० चा हप्ता दीडशे रुपयांनी कमी पडेल आणि ४,१०० चा ठेवला तर सुमारे ५१,०९५ मिळतील. नवखा माणूस आधी हप्ता ठरवतो आणि मग किती मिळतील ते विचारतो. खर्च ठरलेला असेल तर आधी रक्कम ठरवून तिच्यावरून हप्ता काढणे चांगले.

संगणकावर करत असाल तर

एक्सेल किंवा गुगल शीट्समध्ये वरचे सूत्र जसेच्या तसे लिहिता येते:

```
=3000*((1+7/400)^4-1)/(1-(1+7/400)^(-1/3))
```

उत्तर ३७३८६.४० येईल. FV नावाचे तयार फंक्शनही असते, पण ते सांभाळून वापरावे लागते. बरेच जण असे लिहितात:

```
=FV(7%/12,12,-3000)
```

याचे उत्तर ३७,१७७.७६ येते, म्हणजे बँकेपेक्षा २०९ रुपये कमी. यात फंक्शन असे धरते की हप्ता महिन्याच्या शेवटी भरला जातो, आणि मग शेवटच्या हप्त्याला एकही दिवस व्याज मिळत नाही. शिवाय ७ टक्क्यांना बाराने भागल्यामुळे चक्रवाढ तिमाहीऐवजी मासिक होते. या दोन्ही गोष्टी दुरुस्त करून लिहायचे तर असे:

```
=FV((1+7/400)^(1/3)-1,12,-3000,0,1)
```

शेवटचा 1 म्हणजे हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरला. आता पुन्हा ३७३८६.४०. इंटरनेटवर मिळणाऱ्या आरडी कॅल्क्युलेटरांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामागेही बहुतेक वेळा हीच दोन कारणे असतात. ज्याचा आकडा तुमच्या पावतीशी जुळत नाही, तो मासिक चक्रवाढ धरतो का, हे आधी पाहा.

पाच वर्षांची पोस्टाची आरडी

गावात पोस्ट जवळ असते आणि पोस्टमनही ओळखीचा असतो, म्हणून पोस्टातली आरडी काढणारे आजही पुष्कळ आहेत. ती पाच वर्षांची, म्हणजे साठ हप्त्यांची असते. हप्ता कमीत कमी १०० रुपये. सरकार दर तिमाहीला व्याजदर जाहीर करते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ६.५ वरून ६.७ टक्के झाला. खाते उघडताना जो दर असेल तोच त्या खात्याला पूर्ण पाच वर्षे लागू राहतो, म्हणूनच त्यावरची मुदतपूर्तीची रक्कम पहिल्याच दिवशी काढता येते.

दरमहा २,००० धरू. तिमाहीचा दर ६.७ भागिले ४, म्हणजे १.६७५ टक्के. तिमाह्या २०. सूत्रात घातले तर एका रुपयामागे ७१.३६५८ येतात आणि २,००० च्या हप्त्याला १,४२,७३२ रुपये. भरलेले १,२०,०००, व्याज २२,७३२. वहीच्या पद्धतीने करायचे तर गठ्ठा ६,०६७ चा होतो आणि ओळी वीस लिहाव्या लागतात. उत्तर सुमारे तीन रुपये जास्त येते.

महिन्यांच्या बेरजेची पद्धत इथे लावून पाहा, म्हणजे चक्रवाढीचे वजन कळेल. ६० गुणिले ६१, निम्मे १,८३०. २,००० वर महिन्याचे व्याज ११.१७ रुपये. गुणाकार सुमारे २०,४४०. खरे व्याज २२,७३२. फरक जवळजवळ २,३०० रुपयांचा. एका वर्षाच्या आरडीत चक्रवाढीने जेमतेम २१ रुपये दिले होते. म्हणून वर्षभराच्या ठेवीत चक्रवाढ तिमाही की मासिक, यावर फार डोके शिणवू नये. तिथे दर आणि तारीख या दोनच गोष्टी महत्त्वाच्या. पाच वर्षांच्या ठेवीत मात्र चक्रवाढीला किंमत आहे.

पोस्टाचे दोन नियम या हिशेबावर थेट परिणाम करतात. खाते महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत उघडले असेल तर पुढचे हप्ते दर महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायचे. सोळा तारखेला किंवा त्यानंतर उघडले असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. हप्ता चुकला तर दर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड. म्हणजे २,००० च्या हप्त्याला २० रुपये. आता याची व्याजाशी तुलना करा. त्या हप्त्याचे महिन्याचे व्याज ११ रुपये आहे आणि दंड २० रुपये, म्हणजे वर्षाला १२ टक्क्यांच्या दराने. त्यामुळे थोडे दिवस पैसे दुसरीकडे वापरून हप्ता नंतर भरण्यात काहीच फायदा नाही. चार हप्ते चुकले की खाते खंडित होते आणि ते पुन्हा चालू करायला दोनच महिने मिळतात.

दुसरा नियम मुदतीआधी बंद करण्याचा. तीन वर्षे झाल्यावर खाते बंद करता येते, पण मग व्याज पोस्टाच्या बचत खात्याच्या दराने मिळते. पाच वर्षांना एक दिवस कमी असला तरी हाच नियम. चार वर्षे अकरा महिने नेमाने हप्ते भरलेला माणूस घाईने खाते बंद करतो आणि ६.७ ऐवजी ४ टक्क्यांवर येतो. अशी वेळ आलीच तर खाते मोडण्याआधी पोस्टात त्याच ठेवीवरच्या कर्जाबद्दल विचारा. बारा हप्ते भरून झाल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत ते मिळते. त्यावरचे व्याज आरडीच्या दराहून २ टक्के जास्त असते. मुदतीला थोडेच दिवस उरले असतील तर ते खूपच स्वस्त पडते.

मुदत संपण्याची तारीख आणि चवथ

रक्कम बरोबर काढली आणि ती वेळेवर हातात आली नाही, तर उपयोग काय? आपल्याकडे आरडीचा पैसा बहुतेक घरांत चवथीसाठी राखलेला असतो. घर रंगवायचे, माटोळीचे सामान आणायचे, नेवऱ्या-करंज्यांची तयारी, मूर्तीचे पैसे द्यायचे. हे सगळे चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात येते. आणि चवथ तिथीने येते, आरडी मात्र इंग्रजी तारखेने चालते.

२०२६ ची चवथ १४ सप्टेंबरला आहे आणि २०२७ ची ४ सप्टेंबरला. समजा २०२६ ची चवथ आटोपली, हात मोकळा झाला आणि २० सप्टेंबरला तुम्ही पुढच्या वर्षासाठी बारा महिन्यांची आरडी काढली. ती पुरी होणार २० सप्टेंबर २०२७ ला. तोपर्यंत गणपतीचे विसर्जनही होऊन गेलेले असेल. मग ऐन वेळी आरडी मोडावी लागते. मुदतीआधी मोडल्यावर बँका साधारणपणे जितके दिवस पैसे राहिले त्या मुदतीचा दर लावतात आणि त्यातूनही काही टक्का दंड म्हणून कापतात.

यावर दोन मार्ग आहेत. एक, आरडी जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीलाच काढायची, म्हणजे पैसा चवथीच्या आधी मोकळा होतो. दुसरा, सप्टेंबरमध्येच काढायची झाली तर मुदत नऊ महिन्यांची घ्यायची. ३,००० च्या हप्त्याने आणि ७ टक्क्यांनीच धरले तर नऊ महिन्यांनी किती मिळतील, हे वेगळे काढायची गरज नाही. वरच्या चार ओळींतली तिसरी ओळ पाहा: २७,७९५ रुपये. मात्र नऊ महिन्यांचा दर एक वर्षाच्या दराहून वेगळा असू शकतो, तो आधी विचारून घ्या. जून ते ऑगस्टचे हप्त्याचे पैसे मग बचत खात्यात ठेवता येतात.

पावती घेतल्यावर काउंटर सोडण्याआधी

पावतीवर किंवा मोबाइल बँकिंगच्या पडद्यावर हप्ता, मुदत, दर, मुदतपूर्तीची तारीख आणि मुदतपूर्तीची रक्कम असते. महिन्यांच्या बेरजेने व्याजाचा अंदाज तिथेच काढा. पावतीतले व्याज त्याहून थोडे जास्त असेल तर सगळे ठीक आहे.

शंभर-दीडशे रुपयांचा फरक आला तर बहुधा दरात काहीतरी चुकले आहे. आपल्या उदाहरणात अर्ध्या टक्क्याने व्याज सुमारे १०० रुपयांनी बदलते. ज्येष्ठ नागरिकांना बऱ्याच बँका अर्धा टक्का जास्त देतात. आईच्या नावाने आरडी काढली आणि तिची जन्मतारीख बँकेत नीट नोंदलेली नसली तर संगणक साधाच दर लावतो आणि पावतीत नेमका एवढाच फरक दिसतो. ही चूक पहिल्या दिवशी पाच मिनिटांत सुधारते. वर्षभराने सुधारायची तर अर्ज करा, चकरा मारा, हे सगळे आले.

व्याजाची एकूण रक्कम सगळ्या हप्त्यांच्या बेरजेने भागून दर तपासायला जाऊ नका. १,३८६ भागिले ३६,००० केले की ३.८५ टक्के येतात आणि बँकेने फसवले असे वाटते. भाचीचे हेच झाले होते. सरासरी पाहिली तर प्रत्येक हप्ता साडेसहाच महिने बँकेत असतो. ३.८५ ला साडेसहाने भागून बाराने गुणा. ७.१ येतात. ७ टक्के आणि वर चक्रवाढीचा अंश.

पतसंस्थेत आरडी काढणार असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. बँकेतल्या ठेवीला, नागरी सहकारी बँक असली तरी, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला हे विम्याचे संरक्षण नसते. दर एक टक्का जास्त मिळतो म्हणून तिथे जाताना हे धरून ठरवा.

गोव्यातल्या जोडप्यांसाठी कराचे एक कलम

आरडीचे व्याज करपात्र असते आणि ते तुमच्या इतर उत्पन्नात मिळवावे लागते. मात्र गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची विवाहव्यवस्था चालते आणि तिच्यात मालमत्ता पतीपत्नीची समाईक मानली जाते. १९६१ च्या आयकर कायद्यात त्यासाठीच कलम ५A घातले गेले. अशा जोडप्याचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटले जाते. खाते एकट्याच्या नावावर असले तरी त्यातले निम्मे व्याज दुसऱ्याच्या विवरणपत्रात दाखवायचे असते.

पोस्टाच्या त्या २,००० च्या आरडीचे २२,७३२ रुपये व्याज पाच वर्षांत मिळून होते. ते दरवर्षी जमते तसे दाखवले आणि दोघांत वाटले, तर शेवटच्या वर्षीही प्रत्येकाच्या वाट्याला चार-साडेचार हजारच येतात. पाच वर्षांचे सगळे व्याज एकाच्या नावावर, एकाच वर्षात धरले, तर तो आकडा उगाचच मोठा दिसतो. विवरणपत्र भरणाऱ्या माणसाला तुमचा विवाह गोव्यात कुठल्या व्यवस्थेखाली नोंदला आहे ते आधी सांगा आणि बँकेकडून दरवर्षीचे व्याजाचे प्रमाणपत्र मागून घ्या. गोव्याबाहेरच्या सनदी लेखापालाला हे कलम आठवेलच असे नाही.